दुखायला लागलं तेव्हा तुम्ही काय करत होता?

डोकं दुखतंय असं घरात कुणी म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "फार दुखतंय का?" उत्तर "फार" असं आलं तर काळजी, "थोडंसं" आलं तर बाम. डॉक्टरांकडे गेल्यावरही माणूस बहुधा हेच सांगतो : सहन होत नाही, कपाळ फुटतंय, ठणका लागलाय. जाणता डॉक्टर ते ऐकून घेतो आणि मग वेगळंच काहीतरी विचारतो. "दुखायला लागलं त्या क्षणी तुम्ही नेमकं काय करत होता?"

या प्रश्नाला बहुतेकांकडे उत्तर नसतं. "काय करत होते म्हणजे? सकाळपासूनच जड वाटत होतं, दुपारपर्यंत वाढलं," असं काहीसं ऐकू येतं, आणि ते ऐकून डॉक्टर थोडे निवांत होतात. पण एखादी बाई सांगते, "कुकरची दुसरी शिट्टी झाली आणि तेवढ्यात डोक्यात काहीतरी फुटल्यासारखं झालं." ही बाई त्याच दिवशी, जमलं तर त्याच तासात, सीटी स्कॅनच्या टेबलावर असायला हवी. दुखणं दोघींचं सारखंच जोरदार असेल. फरक आहे तो ते कसं आलं यात.

साधी डोकेदुखी आणि धोक्याची डोकेदुखी यांतला फरक दुखण्याच्या जोरावरून कळत नाही, हे पटायला जरा जड जातं. पण त्यामागचं कारण समजलं की पटतं. मेंदूच्या स्वतःच्या गाभ्याला वेदना कळतच नाही. मेंदूची काही ऑपरेशनं माणूस जागा असताना करता येतात ती त्यामुळेच. दुखतात ती मेंदूवरची आवरणं, त्यांच्यातल्या रक्तवाहिन्या, कवटीवरचे आणि मानेचे स्नायू. अर्धशिशीत या आवरणांच्या नसा चेतवल्या जातात आणि माणूस अंधाऱ्या खोलीत उशीत डोकं खुपसून पडतो, तरी मेंदूला इजा काही होत नाही. उलट मेंदूत वाढणारी एखादी गाठ आवरणांवर ताण येईपर्यंत महिनोन्‌महिने दुखत नाही. म्हणजे वेदनेचा जोर सांगतो तो नसा किती चेतल्या एवढंच. त्या कशाने चेतल्या, हे त्याला ठाऊक नसतं. ते सांगतो दुखण्याचा वेग.

अर्धशिशीचा स्वतःचा एक चढ असतो. आधी मान किंवा भुवई जड होते, मग उजेड टोचायला लागतो, मग एका बाजूला ठोके पडू लागतात, पोटात मळमळतं, आणि अर्ध्या तासात, तासात, कधी दोन तासांत ती शिखराला पोचते. औषध घेतलं नाही तर 4 तासांपासून 72 तासांपर्यंत टिकते. उलटी झाली की पुष्कळांना हलकं वाटतं, म्हणून आपल्याकडे तिला "पित्ताचं डोकं" म्हणतात आणि उलटीला "पित्त पडलं" म्हणतात. ताणाची डोकेदुखी याहून संथ असते, दिवसभरात घट्ट पट्टा आवळत जावा तशी. दोन्हींचा अनुभव असा की नेमकी कधी सुरू झाली हे सांगता येत नाही.

धमनी फुटली की चढ असा उरतच नाही. मेंदूच्या तळाशी धमन्यांचं एक कडं असतं. त्याच्या फाट्यांवर एखाद्या ठिकाणी भिंत कमजोर होऊन फुगा धरतो. हा फुगा वर्षानुवर्षं गप्प असतो. बऱ्याच माणसांत आयुष्यभर गप्प राहतो. रक्तदाब, तंबाखू-सिगारेट आणि घराण्यातला वारसा ही त्याची नेहमीची साथीदार मंडळी. तो फुटला की धमनीच्या दाबाने रक्त थेट मेंदूभोवतीच्या पाण्यात घुसतं आणि आवरणं एका क्षणात ताणली जातात. त्यामुळे दुखणं शून्यावरून शिखरावर जातं ते काही सेकंदांत. डॉक्टरांनी याची मोजायची रेघ ठरवून दिली आहे : एका मिनिटाच्या आत पूर्ण जोर. माणसाला तो क्षण आठवतो याचं कारण हेच. नळावर बादली उचलत होतो, शौचाला जोर करत होतो, गाडीला किक मारत होतो. शरीरसंबंधाच्या वेळी सुरू झालं असेल तर आपल्याकडे नवरा-बायको दोघंही ते सांगत नाहीत, "झोपेत दुखायला लागलं" म्हणतात आणि सर्वांत कामाची खूण गाळून टाकतात. डॉक्टरांनीच इथे संकोच न करता विचारावं, हे बरं.

एक उदाहरण घेऊ. बाई कल्पनेतली आहे, पण तिच्या दिवसातलं प्रत्येक वळण दवाखान्यांत रोज दिसणारं आहे. वय 46, तालुक्याच्या गावी राहते, लग्नाआधीपासून अर्धशिशीचा त्रास. सकाळी 7 वाजून 10 मिनिटांनी मुलाचा डबा भरताना तिच्या डोक्याच्या मागच्या बाजूला एकदम घण बसल्यासारखं झालं. हातातला डबा सुटला. दोन-चार सेकंद डोळ्यांपुढे अंधारी आली, ती ओट्याला धरून खाली बसली. दहा मिनिटांत उलटी. सासूबाई म्हणाल्या, काल जागरण झालं, पित्त उसळलंय. डोक्याला सुंठ लावली, नेहमीची गोळी दिली.

इथे पहिला घोटाळा झाला, आणि तो अज्ञानामुळे झाला असं म्हणता येणार नाही. तो अनुभवामुळे झाला. ज्या घरात अर्धशिशी वीस वर्षं नांदते आहे, तिथे नवं दुखणं जुन्याच नावाने ओळखलं जातं. न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या डॉक्टरांनी 2004 मध्ये अशा रक्तस्रावाच्या 482 रुग्णांचा मागोवा छापला होता. त्यांतल्या 56 जणांना पहिल्या भेटीत चुकीचं निदान मिळालं होतं, आणि त्यात सगळ्यांत जास्त वेळा लागलेलं लेबल होतं अर्धशिशी किंवा ताणाची डोकेदुखी. ज्यांची शुद्ध पूर्ण होती, चालत-बोलत जे आले होते, त्यांच्यात ही चूक जास्त झाली. म्हणजे ज्यांना वाचवणं सर्वांत सोपं होतं, तेच निसटले.

आठच्या सुमारास बाईचं दुखणं थोडं कमी झालं. घरच्यांना हायसं वाटलं. हा दुसरा घोटाळा. गोळीने किंवा इंजेक्शनने डोकं उतरलं म्हणून रक्तस्राव नव्हता असं सिद्ध होत नाही. वेदनेचा मार्ग दोन्हीकडे एकच, त्यामुळे वेदनाशामक दोन्हीकडे काम करतं. अर्धशिशीची खास औषधंसुद्धा अशा रुग्णांना तात्पुरता आराम देऊन जातात. गोळी लागू पडली हा निदानाचा पुरावा धरू नये, एवढं डॉक्टरांना शिकवलंच जातं, पण घरात ते कुणी सांगत नाही.

साडेनऊला फॅमिली डॉक्टरांकडे गेली तेव्हा रक्तदाब 180 वर 100. तिसरा घोटाळा इथे टपून बसलेला असतो. बीपी वाढलं म्हणून डोकं दुखतंय, गोळी घ्या, उद्या या. खरं तर जोरदार वेदनेने कुणाचंही बीपी चढतं, आणि मेंदूभोवती रक्त सांडल्यावर तर शरीर ते मुद्दाम चढवतं. बीपी हे बहुतेक वेळा या गोष्टीचं पुढचं पान असतं, पहिलं नव्हे. काही वेळा तर ईसीजीमध्येही बदल दिसतात आणि रुग्ण हृदयविकाराच्या वाटेने जातो. तिथे रक्त पातळ करणारं औषध दिलं गेलं तर प्रकरण हाताबाहेर जातं.

या बाईचे डॉक्टर भले. त्यांनी तो प्रश्न विचारला आणि तिने डबा सुटल्याचं सांगितलं. "नेहमीचं डोकं असंच उठतं का?" यावर ती म्हणाली, "नाही, हे वेगळंच आहे." अर्धशिशीचा जुना रुग्ण असं म्हणतो तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवावा, आपलं दुखणं त्याला कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त ठाऊक असतं. मग डॉक्टरांनी तिला उताणं झोपवून डोक्याखाली हात घातला आणि हनुवटी छातीला टेकवायचा प्रयत्न केला. दोन-तीन बोटांचं अंतर राहिलं, मान पुढे येईना, ती कळवळली. बाजूला मात्र मान वळत होती. चुकीच्या उशीने आखडलेली मान डावी-उजवीकडे वळताना दुखते. आवरणांना त्रास झालेली मान पुढे वाकत नाही. मात्र मान कडक व्हायला काही तास लागू शकतात, त्यामुळे पहिल्या तासात ती मऊ असली तर तेवढ्याने सुटका नाही.

कॅनडात जेफ्री पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये याच कामासाठी एक छोटा नियम प्रसिद्ध केला. पूर्ण शुद्धीत असलेल्या, तासाभरात शिखराला पोचलेल्या नव्या डोकेदुखीच्या माणसाला तो लावतात. वय 40 किंवा जास्त, मानेत दुखणं वा ताठरपणा, कुणी पाहिलेली शुद्ध हरपणं, जोर लावताना सुरुवात, क्षणात शिखर, आणि तपासताना मान पुढे न वाकणं. यांतलं एक जरी असलं तरी तपास पूर्ण करायचा. आपल्या बाईकडे यांतल्या चार गोष्टी होत्या.

आता घड्याळाचं महत्त्व येतं. सांडलेलं ताजं रक्त सीटी स्कॅनमध्ये पांढरं दिसतं, पण मेंदूभोवतीचं पाणी सतत फिरतं असतं आणि ते रक्त धूत जातं. त्याच पेरींच्या गटाने 2011 मध्ये कॅनडातल्या 11 रुग्णालयांतल्या 3132 रुग्णांचा अभ्यास छापला. पहिल्या 6 तासांत ज्या 953 जणांचं स्कॅन झालं, त्यांतल्या 121 जणांना रक्तस्राव होता आणि स्कॅनने एकही सोडला नाही. 6 तासांनंतर स्कॅन झालेल्यांत मात्र सातांतला साधारण एक रक्तस्राव स्कॅनमध्ये दिसलाच नाही. हे 6 तास दुखणं सुरू झाल्यापासून मोजायचे, दवाखान्यात पोचल्यापासून नव्हेत. म्हणून "सकाळी कधीतरी" या उत्तराने डॉक्टरांचं काही भागत नाही. "7 वाजून 10" या उत्तरावर कोरं आलेलं स्कॅन विश्वासार्ह आहे की नाही, हे ठरतं. आणखी एक अट आपल्याकडे विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे : रक्त पांढरं दिसतं ते हिमोग्लोबिनमुळे. अंगात रक्तच फार कमी असेल, आणि ते आपल्याकडच्या बायकांत सर्रास असतं, तर सांडलेलं रक्त फिकं दिसून नजरेतून सुटू शकतं. तेव्हा 6 तासांचा भरवसा ठेवता येत नाही.

बाई जिल्ह्याच्या ठिकाणी पोचली आणि स्कॅन झालं ते साडेबाराच्या आत. मेंदूच्या तळाशी जिथे पाण्याची काळी जागा दिसायला हवी, तिथे पांढरी चांदणी उमटली होती. तीच ती धूसर, पाच-सहा टोकांची आकृती, जी पाहिल्यावर रेडिऑलॉजिस्ट रिपोर्ट टाइप व्हायची वाट न पाहता फोन उचलतो. शिरेत रंगद्रव्य देऊन धमन्यांचं स्कॅन केलं, फुगा सापडला. मग दोन वाटा असतात. कवटी उघडून फुग्याच्या मानेला क्लिप लावायची, किंवा मांडीतल्या धमनीतून नळी वर नेऊन फुग्यात प्लॅटिनमची बारीक तार गुंडाळून भरायची. घाई एवढ्यासाठी की फुटलेला फुगा गुठळीने तात्पुरता बुजलेला असतो, तो पुन्हा फुटतो, आणि पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या 24 तासांत सर्वांत जास्त असतो. पहिल्या वेळी चालत आलेला माणूस दुसऱ्या वेळी बहुधा चालत येत नाही. फुगा बंद झाल्यावरही पंधरवडाभर मेंदूच्या धमन्या आकसण्याची भीती असते, म्हणून निमोडिपिन नावाची गोळी 21 दिवस देतात.

हीच बाई दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचली असती तर? स्कॅन कोरं आलं असतं तरी तिला घरी पाठवता आलं नसतं. मग मणक्यातलं पाणी काढून पाहावं लागतं. सुई टोचताना चुकून रक्त मिसळलं तर काय, ही शंका इथे नेहमी येते, आणि तिचं उत्तर मोठं साधं आहे. ते पाणी लगेच यंत्रात फिरवून तांबड्या पेशी खाली बसवतात आणि वरचं पाणी साध्या पाण्याच्या नळीशेजारी, पांढऱ्या कागदासमोर धरतात. सुईने आत्ता आलेलं रक्त खाली बसलं की वर पाणी स्वच्छ राहतं. आधीच सांडलेलं रक्त फुटून त्याचा पिवळा रंग पाण्यात उतरलेला असतो. तो उतरायला 12 तासांपर्यंत वेळ लागतो, म्हणून ही तपासणी फार लवकर करूनही उपयोग नाही. "मणक्यातून पाणी काढलं की माणूस लुळा होतो" ही समजूत आपल्याकडे पक्की आहे आणि तिच्यामुळे नातेवाईक सही करत नाहीत. सुई घालतात ती कमरेखालच्या भागात, जिथे मज्जारज्जू संपलेला असतो. पाणी काढल्याने माणूस लुळा होत नाही. त्यानंतर काही दिवस डोकं दुखू शकतं, इतकंच.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हा लेख वाचून प्रत्येक सणकेला माणूस धावत सुटेल. त्या 3132 जणांत, म्हणजे ज्यांचं डोकं तासाभरात शिखराला पोचलं होतं अशांत, रक्तस्राव निघाला तो 240 जणांना. साधारण तेरांत एक. बाकीच्यांत अर्धशिशी, जोर लावल्याने उठणारी निरुपद्रवी डोकेदुखी, धमन्या काही काळ आकसण्याचा एक प्रकार असं बरंच काही होतं. तेव्हा असं डोकं उठणं म्हणजे धमनी फुटलीच असं नाही. पण तेरांतले बारा कोणते हे बाहेरून पाहून सांगता येत नाही, स्कॅननंतरच सांगता येतं. कोरं स्कॅन आलं की "उगाच पाच हजार गेले" म्हणणारे भेटतात. मला ते पैसे उगाच गेले असं वाटत नाही.

वेगाची ही कसोटी उलट टोकालाही लागू पडते. काही धोक्याची दुखणी क्षणात येत नाहीत, ती आठवड्यांनी येतात, आणि त्यांचा धोका याच संथपणात लपलेला असतो. साधी डोकेदुखी येते आणि जाते. मधले दिवस मोकळे असतात. जे डोकं तीन आठवडे रोज दुखतं, मागच्या आठवड्यापेक्षा या आठवड्यात जास्त दुखतं, पहाटे झोपेतून उठवतं, खोकलं किंवा बुटाची नाडी बांधायला वाकलं की आतून दाब येतो, वाकून उठताना डोळ्यांपुढे काही सेकंद काळं होतं, त्या डोक्यात दाब वाढत असण्याची शक्यता असते. इथे पहिली तपासणी महाग नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करून पडद्यामागची नस पाहिली की ती सुजलेली आहे का, हे तिथल्या तिथे कळतं. आपल्याकडे अशा डोक्याला "नंबर वाढला असेल" म्हणून चष्म्याच्या दुकानात नेतात. नेणारी वाट बरोबर असते, फक्त दुकानाऐवजी नेत्रतज्ज्ञाकडे जायचं.

सत्तरीतल्या आजोबांचं असंच होतं. न्हाणीघरात डोक्याला जरासं लागलं, टेंगूळही आलं नाही, सगळे विसरून गेले. तीन-चार आठवड्यांनी डोकं दुखायला लागतं, चालताना एक पाय ओढतात, दुपारी कधी नाही ते झोपतात, नातवाचं नाव चुकतं. घरचे म्हणतात वय झालं. म्हातारपणी मेंदू थोडा आकसतो, त्यामुळे कवटीला जोडणाऱ्या शिरा ताणलेल्या असतात; किरकोळ धक्क्यानेही त्या गळतात आणि रक्त हळूहळू साचतं. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आणखी सहज. वय झाल्याने माणूस महिनाभरात एवढा बदलत नाही. हे रक्त वेळेत काढलं तर तेच आजोबा बहुधा पुन्हा पेपर वाचायला बसतात.

तापाबरोबरच्या डोक्याचं थोडक्यात सांगतो. ताप आला की डोकं दुखतंच, डेंग्यूत तर कपाळ आणि डोळे ठणकतात. पण तापाबरोबर मान पुढे वाकत नसेल, माणूस असंबद्ध बोलत असेल, नुसता गुंगीत असेल, किंवा अंगावर दाबूनही न मावळणारे लाल-जांभळे ठिपके असतील, तर मेंदूच्या आवरणाचा संसर्ग गृहीत धरून तासांच्या हिशेबात दवाखाना गाठायचा. ही सगळी लक्षणं एकदम येतीलच असं नाही, तापाबरोबर यांतलं एक असलं तरी पुरे. मेंदूच्या टीबीत मात्र हेच दोन-तीन आठवड्यांत हळूहळू चालतं. बारीक ताप, भूक नाही, रोज डोकं, मग उलट्या, मग झोपाळूपणा. टायफॉइड म्हणून दोन डॉक्टर बदलून होतात तेव्हा कुठे मान तपासली जाते.

सर्वांत जास्त जागा द्यावीशी वाटते ती बाळंतिणीच्या डोक्याला, कारण तिचं दुखणं सगळ्यांत सहज झटकलं जातं. जागरण, अशक्तपणा, "वारं लागलं", आणि सिझेरियन झालं असेल तर "स्पायनलचं इंजेक्शन". यातलं शेवटचं कारण अगदी खोटंही नसतं. मणक्यात भूल देताना सुईच्या छिद्रातून पाणी झिरपत राहिलं तर डोकं दुखतं, पण त्याची एक स्वच्छ खूण असते : बसलं-उभं राहिलं की काही मिनिटांत दुखणं चढतं, आडवं झालं की उतरतं. हे बहुधा पहिल्या पाच दिवसांत सुरू होतं आणि पंधरवड्यात आपोआप जातं. म्हणून बाळंतिणीचं डोकं दुखलं की तिला आडवं करून अर्ध्या तासाने विचारावं. उतरलं तर बरं. उतरलं नाही, झोपल्यावर उलट वाढलं, किंवा आधी उतरत होतं आणि आता आडवं होऊनही उतरत नाही, तर ते आता भुलेचं दुखणं राहिलेलं नाही.

बाळंतपणानंतर सहा आठवडे रक्त गोठण्याकडे झुकलेलं असतं. निसर्गाची ती सोय आहे, प्रसूतीत रक्त वाहून जाऊ नये म्हणून. त्यात काही घरांत बाळंतिणीला पाणी मोजून देतात, टाके ओले राहतील म्हणून, अंग सुटेल म्हणून. अंगात पाणी कमी, रक्त दाट, अशा वेळी मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या मोठ्या शिरेत गुठळी होऊ शकते. तिचं पहिलं आणि पुष्कळदा काही दिवस एकमेव लक्षण असतं डोकेदुखी, रोज वाढणारी. मग उलट्या, नजर धूसर, आणि मग एकदम फिट येते किंवा एक हात लुळा पडतो. इथे साधं सीटी स्कॅन कोरं येऊ शकतं, हे ध्यानात ठेवायला हवं; शिरांचं वेगळं स्कॅन सांगावं लागतं. उपचार आहे, गुठळी विरघळू देणारं रक्त पातळ करण्याचं औषध, आणि वेळेत मिळालं तर बहुतेक बाया पूर्ण बऱ्या होतात. याच सहा आठवड्यांत बीपी चढून डोकं दुखणं हाही वेगळा, तितकाच तातडीचा प्रकार आहे. गरोदरपणी बीपी नीट होतं म्हणून नंतर चढत नाही असं नाही. बाळंतिणीचं डोकं दुखलं आणि बीपी 140 वर 90 किंवा त्याहून जास्त भरलं, तर त्याच दिवशी दवाखाना. आणि तिला पाणी भरपूर पिऊ द्या.

वर्षानुवर्षांची, ओळखीच्या चालीने येणारी, मधे मोकळे दिवस सोडणारी डोकेदुखी बहुतेक वेळा साधीच असते, कितीही जोराची असली तरी. तिच्यासाठी पुन्हापुन्हा स्कॅन करण्यात अर्थ नाही. पण क्षणात शिखराला गेलेलं दुखणं, डोक्याबरोबर तोंड वाकडं होणं, जीभ जड होणं, एक पापणी अचानक खाली येणं, शुद्ध जाणं, फिट येणं, यांपैकी काहीही घडलं तर घड्याळात पाहून वेळ कागदावर लिहा. अ‍ॅस्पिरिन असलेली गोळी देऊ नका. द्यायचीच तर साधी पॅरासिटामॉल द्या. रुग्णाला स्वतः गाडी चालवू देऊ नका, दुचाकीवर मधे धरून नेऊ नका. 108 वर फोन करा, ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात मोफत आहे, आणि सीटी स्कॅन आत्ता चालू असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं हे तिथेच विचारा. वाटेत एखाद्या दवाखान्यात "सलाईन लावून संध्याकाळपर्यंत बघू" असं सांगितलं गेलं तर नम्रपणे नाही म्हणा आणि पुढे जा.